टाळ कोणता, ओरखडा कोणता?

अभंगांची एक जुनी एलपी. संगणकावर उतरवून घेतली, तर दर १.८ सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एका फेरीला नेमका एवढाच वेळ लागतो, म्हणजे हा आडवा गेलेला एकच ओरखडा सुईखाली पुन्हापुन्हा येतो आहे. गायकाची लय थोडी पुढेमागे होते, पण ओरखडा आपला वेळ चुकवत नाही.

तो घालवायला बरेच जण आधी ट्रेबल कमी करतात, आणि तिथेच गाणं मरतं. 'टक्' हा आवाज क्षणभराचा असला तरी त्यात खर्जापासून तारेपर्यंत सगळं असतं. वरचा भाग कापला की टाळांची चमक जाते आणि 'टक्'चं 'ठप्' होऊन ते तिथेच राहतं.

खरा उपाय वेगळा. ९६ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रण केलं, तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या टिकेत ४८ नमुने असतात. तेवढेच काढून टाकायचे आणि दोन्ही बाजूंच्या शाबूत लहरींवरून मधला तुकडा नव्याने विणायचा. रफूगार शालीचं भोक बुजवतो तसं. बाकीच्या गाण्याला हातही लागत नाही. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममधलं Repair हेच करतं, पण एका वेळी फार तर १२८ नमुन्यांपुरतं. मोठे ओरखडे असे एकेक करून हातानेच बुजवलेले बरे.

बारीक चरचर मात्र हजारो टिकांची असते. तिथे Click Removal लागतं, आणि धोकाही तिथेच आहे. हा प्रोग्रॅम अचानक उसळलेली लहर शोधतो. टाळाचा आघात किंवा तबल्याच्या चाटेवरचा 'ना'ही तसाच उसळतो. Threshold जितका खाली आणाल, तितका त्याचा संशय वाढतो. मग चरचरीबरोबर टाळही बोथट होतात, आणि सलग ऐकताना ते चटकन कळतही नाही.

म्हणून जाणकार साफ केलेलं गाणं ऐकण्याआधी काढून टाकलेला कचरा ऐकतात. मूळ ट्रॅकची प्रत करून ती साफ करायची, मूळ ट्रॅक Invert करायचा आणि दोन्ही एकत्र वाजवायचे. सारखं ते एकमेकांना खोडतं. उरतं फक्त काढलेलं. त्यात नुसती विस्कळीत टिकटिक असेल, तर काम ठीक झालं. पण या अभंगाच्या कचऱ्यात टाळांचा ठेका स्पष्ट वाजू लागला, तर Threshold वर न्यायला हवा. गजर टिपेला असतो तिथे चरचर तशीही त्याखाली झाकली जाते. ती कानाला टोचते ती आलापापूर्वीच्या शांततेत, तेव्हा तेवढाच भाग निवडून जास्त कडक सफाई करावी.

हे सगळं तबकडी नीट धुऊन झाल्यावर. खाचेतली धूळ ब्रशने निघत असेल, तर तिच्यासाठी नमुने कशाला खर्ची घालायचे?