समेची खूण ओळीच्या मधोमध का?

स्वरलिपीचा कागद पहिल्यांदा हातात आला की शिकणारा डावीकडच्या पहिल्या स्वरावर बोट ठेवतो आणि ‘एक’ म्हणतो. चूक तिथेच होते. यमनातली, तीनतालातली ही साधी ओळ पाहा. ती भातखंडे पद्धतीने लिहिली आहे:

(०) ऩि रे ग रे | (३) ग म॑ प – | (×) प – पम॑ ग | (२) रे – सा –

कंसातल्या खुणा तालाच्या. छापील पुस्तकात त्या विभागाच्या पहिल्या स्वराखाली असतात. तीनतालाच्या सोळा मात्रांचे चार-चारांचे चार विभाग पडतात. × म्हणजे सम, पहिली मात्रा. २ आणि ३ या टाळ्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. ० म्हणजे खाली, नववी मात्रा. तिथे टाळी न देता हात उलटा करायचा. आपली ओळ ० पासून निघाली आहे, म्हणून ‘एक’ नव्हे, ‘नऊ’ म्हणून सुरुवात करायची. मध्य लयीच्या कितीतरी बंदिशी अशाच उठतात. आठ मात्रा चालून त्या समेवर येतात. इथे सम तिसऱ्या विभागातल्या पहिल्या पंचमावर आहे.

आता स्वर. ‘नि’खालचा टिंब म्हणजे मंद्र सप्तक, म्हणजे खालचा निषाद. ‘म’वरची उभी रेघ तीव्र मध्यमाची. कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. यमनात ती सापडणारच नाही. आडव्या रेघेचंच दुसरं रूप, स्वरांच्या ओळीतली ‘–’, फार फसवते. ती विश्रांती नव्हे. ‘प –’ म्हणजे पंचम दोन मात्रा लांबवायचा, आवाज न तोडता.

‘पम॑’ हे जोडून लिहिलं आहे. पुस्तकात त्याखाली वाटीसारखा कंस असतो. हे दोन स्वर एकाच मात्रेत, अर्धी-अर्धी मात्रा घेऊन म्हणायचे. कंस नजरेतून सुटला तर काय होतं? ओळ सतरा मात्रांची होते, पुढचं आवर्तन नवव्याऐवजी दहाव्या मात्रेवर उठतं आणि समेचा पंचम दुसऱ्या मात्रेवर पडतो. हाताने ताल धरून दोनदा ओळ म्हणा. दुसऱ्या फेरीत टाळी पंचमाच्या आधीच पडली तर कंसापाशी परत जा.

‘सा’ किती उंच, हे मात्र कागद सांगत नाही. तो तुमच्या तंबोऱ्यावर ठरतो. दोन स्वरांमधली मींड वरच्या कमानीने दाखवतात, पण ती किती सावकाश घ्यायची हे गुरूंच्या गळ्यातूनच ऐकावं लागतं.

आणि घरात जुनं पुस्तक सापडलं तर आधी पद्धत पाहा. पलुस्कर पद्धतीत मंद्र स्वराचा टिंब वर असतो. भातखंड्यांकडे वरचा टिंब तार सप्तकाचा. एकाच्या सवयीने दुसऱ्याचं पुस्तक वाचलं, तर खालच्या निषादासाठी गळा थेट वर चढवला जातो.