राउटर बदलला आणि ऑफिसचा कॉम्प्युटर गायब

सांगलीतल्या एका करसल्लागाराच्या ऑफिसचं उदाहरण घेऊ. कर्मचारी संध्याकाळी घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टॅली उघडतात. केबलवाल्याने जुनं कनेक्शन काढून फायबर आणि नवा राउटर बसवला, आणि त्या संध्याकाळी घरून जोडायला गेलं तर बराच वेळ थांबून शेवटी 'टाइम आउट'. ऑफिसात मात्र त्याच वायफायवरून सगळं सुरळीत.

हा फरकच पहिला पुरावा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एक आज्ञा देऊन खात्री करता येते:

```
Test-NetConnection 192.168.0.105 -Port 3389
```

उत्तरात `TcpTestSucceeded : True` आलं, म्हणजे कॉम्प्युटर तयार आहे आणि अडचण दाराबाहेर आहे. टाइम आउटही बोलका असतो. विनंती कॉम्प्युटरपर्यंत जाऊन नाकारली गेली, तर सहसा लगेच नकार येतो. वाटेतच कोणी ती गिळली, तर नुसती शांतता.

राउटर हा इमारतीचा वॉचमन. बाहेरून ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर आलेलं कोणीही अमुक कॉम्प्युटरकडे पाठव, ही नोंद म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. ती जुन्या वॉचमनच्या वहीत होती; नव्याची वही कोरी. शिवाय जुना राउटर 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वाटायचा, नवा 192.168.0 ने. त्यामुळे जुनी नोंद जशीच्या तशी उतरवूनही उपयोग नाही. कॉम्प्युटरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवावा आणि नोंद त्या पत्त्याची करावी.

सांगलीत हे सगळं केलं, तरी टाइम आउट कायम! (चाचणी मोबाइल डेटावरून करावी, ऑफिसच्याच वायफायवरून स्वतःचा बाहेरचा पत्ता उघडला तर अनेक राउटर दिशाभूल करतात.)

आता राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता पाहायचा आणि 'माझा आयपी कोणता' सांगणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडायचा. सांगलीत पानावर 100.72 ने सुरू होणारा पत्ता होता, संकेतस्थळावर भलताच. 100.64 ते 100.127 हा पट्टा २०१२मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला: आयपीव्ही-४चे पत्ते सुमारे ४३० कोटीच, म्हणून कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. हेच कॅरिअर-ग्रेड नॅट. म्हणजे मुख्य फाटकावर आणखी एक वॉचमन आहे, आणि त्याची वही ग्राहकाच्या हातात नाही. वॅन पत्ता 192.168 ने सुरू होत असेल, तर मात्र आधी फायबरच्या डब्यातच दुसरा राउटर चालू आहे का ते पाहावं.

मग उरतात दोन मार्ग. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता मागायचा, बहुधा जादा शुल्क भरून. किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरायचं, ज्यात दोन्ही टोकं आतूनच बाहेर जोडणी करतात आणि पोर्ट उघडावाच लागत नाही. दुसरा मार्ग सरस, कारण ३३८९ उघडा दिसला की पासवर्ड ओळखू पाहणारे स्वयंचलित प्रोग्रॅम त्याच्यावर तुटून पडतात. २०१९मध्ये उघड झालेली 'ब्लूकीप' ही त्रुटी तर जुन्या विंडोजच्या याच सेवेत होती आणि तिला पासवर्डचीही गरज नव्हती.