दुसऱ्यांदा कोण आलं?

छोट्या ऑनलाइन दुकानाचे मालक हल्ली एक आकडा हमखास विचारतात: आपले किती टक्के ग्राहक परत येतात? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, एक ग्राहक एकूण किती कमावून देतो? पहिल्याला रिपीट रेट म्हणतात, दुसऱ्याला एलटीव्ही. दोन्हींची उत्तरं दुकानाच्या ऑर्डरींच्या नोंदीत असतात, पण ती तिथून काढावी लागतात. अलीकडेच कोल्हापूरकडच्या एका मसाल्याच्या दुकानाचा असा अहवाल मी तयार केला. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट आणि दिवाळीत फराळ, एवढाच पसारा. घरच्या दोघी जावा तो सांभाळतात. खालचे आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

एप्रिल 2023 ते जून 2025 या काळाची फाइल शॉपिफायमधून उतरवली तेव्हा तिच्यात 5,200 ओळी होत्या. ऑर्डरी मात्र 2,140च. एका ऑर्डरीत चार जिन्नस असले तर फाइलमध्ये चार ओळी येतात आणि `Total` हा रकाना फक्त पहिल्या ओळीत भरलेला असतो. त्यामुळे ओळी मोजायच्या नाहीत, `Name` या रकान्यातले वेगवेगळे ऑर्डर क्रमांक मोजायचे.

मग गाळणी लागते ती कॅश ऑन डिलिव्हरीला. पार्सल दारापर्यंत जातं, ग्राहक फोन उचलत नाही आणि डबा परत येतो. कुरिअरवाले त्याला आरटीओ म्हणतात. विकलाच न गेलेला हा माल फाइलमध्ये ऑर्डर म्हणून दिसत राहतो. `Financial Status` मध्ये `paid` लिहिलेल्या ओळी तेवढ्या ठेवाव्यात असं वाटतं, पण ते धोक्याचं आहे. कॅशवाली ऑर्डर पैसे मिळाले तरी `pending`च राहते, जोवर दुकानदार स्वतः खूण करत नाही, आणि कामाच्या रगाड्यात ती खूण बहुतेकदा राहून जाते. म्हणून मी कुरिअर कंपनीची आरटीओची यादी मागवून ऑर्डर क्रमांकानं जुळवली. 260 ऑर्डरी गळल्या, बहुतेक आरटीओच्या, बाकी रद्द झालेल्या. उरल्या 1,880.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात किचकट: ग्राहक म्हणजे कोण? फाइलमध्ये माणूस नसतो. ईमेल, फोन, नाव आणि पत्ता एवढंच असतं. ईमेल धरून मोजलं तर 1,290 ग्राहक निघाले आणि त्यातले 20 टक्के परत आलेले. पण आपल्याकडे ईमेल लोक जमेल तसा टाकतात. एकदा स्वतःचा, एकदा मुलाचा, एकदा रिकामा. फोन नंबर मात्र खरा द्यावाच लागतो, नाहीतर डिलिव्हरीवाला पोचणार कसा? फक्त तो कुठे +91 लावून, कुठे शून्य लावून, कुठे मध्ये जागा सोडून लिहिलेला असतो. गूगल शीट्समध्ये एका सूत्रानं शेवटचे दहा अंक काढून घेतले:

```
=RIGHT(REGEXREPLACE(B2&"","[^0-9]",""),10)
```

फोन धरल्यावर ग्राहक झाले 1,100 आणि परत आलेले 330, म्हणजे 30 टक्के. दुकान तेच, विक्री तीच, नुसती ओळख बदलली तर दहा टक्क्यांचा फरक. यातही एक मेख आहेच. मुलगी पुण्याहून आईला मसाला पाठवते तेव्हा पत्त्यासोबत फोन आईचा असतो. अशा ठिकाणी `Shipping Phone`ऐवजी `Billing Phone` धरलेला बरा. शिवाय सकाळी मसाला मागवून संध्याकाळी "अगं, मेतकूट राहिलं" म्हणून केलेली दुसरी ऑर्डर ही परतफेरी नव्हे. एकाच नंबरच्या एका दिवसातल्या ऑर्डरी मी एक धरल्या.

आता 30 टक्के हे उत्तर झालं का? थोरल्या जाऊबाई खूश झाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, यात मागच्या आठवड्यात पहिल्यांदा आलेला ग्राहकही आहे. त्याचा पहिला डबा अजून संपलेला नाही, तो परत येणार कसा?" दोन वर्षं हाताशी असलेला ग्राहक आणि दोन आठवडे असलेला ग्राहक एकाच टोपलीत घातले की टक्केवारीला अर्थ राहत नाही. जाहिरातीचा जोर लावून पुष्कळ नवे ग्राहक आणले, तर धंदा वाढत असताना हा आकडा खाली येतो. जाहिरात थांबवली की आपोआप वर जातो.

उपाय एकच, प्रत्येकाला सारखा वेळ देऊन मोजायचं. पहिली ऑर्डर कधी आली त्यावरून गट पाडायचे आणि ज्यांची मुदत पुरी झाली तेवढेच धरायचे. मी दोन गट समोर ठेवले. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळीत पहिल्यांदा आलेले 150 जण, आणि मार्च-एप्रिल 2024 मध्ये, मसाल्याच्या हंगामात आलेले 120. सहा महिन्यांत दिवाळीवाल्यांतले 18 परतले, म्हणजे 12 टक्के. हंगामवाल्यांतले 42, म्हणजे 35 टक्के.

धाकट्या जाऊबाईंनी लगेच हरकत घेतली, "दादा, फराळ घेणारा पुढच्या दिवाळीलाच येईल ना?" हरकत रास्त होती. सहा महिन्यांच्या मुदतीत पुढची दिवाळी येतच नाही. आणि 365 दिवसही नेहमी पुरत नाहीत, कारण दिवाळी तिथीनं येते. मध्ये अधिक महिना आला की दोन दिवाळ्यांत 384 दिवसांच्या आसपास अंतर पडतं. म्हणून मी मुदत 400 दिवस केली. आता दिवाळीवाले 48 परतले, म्हणजे 32 टक्के. हंगामवाले 54, म्हणजे 45 टक्के.

एलटीव्ही काढताना विक्री नव्हे, हातात उरणारी रक्कम धरायची. सरासरी ऑर्डर 720 रुपयांची. त्यातून कच्चा माल, दळण आणि मजुरी 330, पॅकिंग 35, कुरिअर 75, पैसे वसुलीचं शुल्क 20 आणि परत आलेल्या पार्सलांच्या खर्चाचा वाटा 20 वजा केला की उरतात 240. चारशे दिवसांत दिवाळीवाल्यानं सरासरी 1.4 ऑर्डरी दिल्या, म्हणजे 336 रुपये. हंगामवाल्यानं 2.2, म्हणजे 528. हंगामाच्या गटातून एक खानावळ मी आधीच वेगळी काढली होती. तिच्या एकटीच्या 31 ऑर्डरी होत्या आणि ती ठेवली असती तर 2.2 चे 2.4 झाले असते. ठोक घेणाऱ्यांचा हिशेब नेहमी स्वतंत्र मांडावा.

आता जाहिरात. दिवाळीत सगळेच बोली लावतात, त्यामुळे एक नवा ग्राहक 390 रुपयांना पडला होता. मार्च-एप्रिलमध्ये 210 ला. म्हणजे दिवाळीचा प्रत्येक नवा ग्राहक चारशे दिवसांनंतरही 54 रुपयांच्या तोट्यात, आणि हंगामाचा 318 रुपयांच्या फायद्यात.

"आयुष्यभराचं" मोल मात्र मी अहवालात लिहिलं नाही. सव्वादोन वर्षांच्या नोंदीवरून पाच वर्षांचा आकडा सांगणारी सूत्रं आहेत, पण ती ग्राहक किती वर्षं टिकेल हे गृहीत धरतात, आणि एवढ्या लहान दुकानात ते गृहीतक थोडं हललं की उत्तर दुप्पट होतं. अहवालावर ठळक अक्षरांत "400 दिवसांचं मोल" असंच लिहिलं.

दोघींनी दिवाळीची जाहिरात निम्मी करून ते पैसे फेब्रुवारीअखेरीस लावायचं ठरवलं आहे, आणि जुन्या दिवाळीच्या ग्राहकांना सप्टेंबरात स्वतः व्हॉट्सअॅप करणार आहेत. तुमच्या दुकानाचा असा अहवाल कुणी आणून दिला, तर तीन गोष्टी विचारून घ्या: ग्राहक कशावरून ओळखला, परत आलेली पार्सलं काढली का, आणि हा टक्का किती दिवसांचा आहे.