तान्हं बाळ आणि घरातला कुत्रा

बाळंतीण दवाखान्यात असतानाच बाळाचं वापरलेलं दुपटं घरी आणून कुत्र्याला हुंगू द्यावं. वास ओळखीचा होतो. घरी आल्यावर आईने आधी रिकाम्या हाताने त्याला भेटावं. मग पट्टा बांधून, थोड्या अंतरावरून बाळ दाखवावं. अंग ताठ करणं, टक लावून पाहणं, सारखे ओठ चाटणं ही ताणाची लक्षणं असतात. गुरगुरल्यास कुत्र्याला शांतपणे दूर न्यावं, रागावू नये. गुरगुरणं दाबलं गेलेला कुत्रा पुढे इशारा न देताच चावतो. तो कितीही गरीब असला तरी दोघांना एकटं सोडू नये. मांजर ऊब शोधत पाळण्यात शिरते, म्हणून बाळ झोपलेल्या खोलीचं दार बंद हवं.

प्राण्याला नियमित जंताचं औषध द्यावं आणि त्याची घाण काढल्यावर साबणाने हात धुवावेत.

दात किंवा नख लागलंच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवावी; हळद, चुना काही लावू नये. रक्त न येता ओरखडा उठला तरी बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावं. रेबीजची लस तान्ह्या बाळालाही देतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं.