विसार देण्याआधी : खरा कागद आणि तोतया मालक

मोकळा प्लॉट किंवा कुलूपबंद फ्लॅट तोतया मालक विकायला काढतो, तेव्हा त्याच्या पिशवीतले सगळेच कागद खोटे नसतात. बरेचसे सरकारी कार्यालयातून रीतसर फी भरून आणलेले असतात. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूची कोणालाही पाहता येतात, नक्कलही घेता येते. ही तरतूद खरेदीदाराच्या संरक्षणासाठी आहे, पण तोतयाही तिचाच आधार घेतो. मालक परदेशी असलेला, वृद्ध झालेला किंवा वारसांनी वर्षानुवर्षे फिरकून न पाहिलेला, कुंपण नसलेला प्लॉट तो हेरतो. जुन्या खरेदीखताची नक्कल काढतो, सातबारा काढतो आणि मग एकच वस्तू खोटी बनवतो : खऱ्या मालकाच्या नावाचे, पण साथीदाराचा फोटो असलेले ओळखपत्र. त्यामुळे विकणाऱ्याला गट नंबर, चतुःसीमा आणि जुनी किंमत तोंडपाठ असणे हा मालकीचा पुरावा मुळीच नव्हे.

खरेदीखत असते कोणाचे आणि समोर बसलेले असते कोण, हा तपासाचा गाभा. तो साधण्याची सर्वांत चांगली जागा खुद्द जुन्या खरेदीखतातच असते आणि नेमकी तीच बहुतेक जण न वाचता उलटतात. मराठी दस्तात पहिल्याच पानावर लिहून घेणार आणि लिहून देणार यांचे वय, धंदा आणि राहण्याचा पत्ता लिहिलेला असतो. समजा, पुण्याजवळ हवेली तालुक्यातला ५ गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट एका बाईंनी १९९४ मध्ये घेतला. दस्तात ‘लिहून घेणार, उ. व. ३८, धंदा नोकरी’ असे आहे. म्हणजे त्यांचा जन्म १९५६ च्या आसपासचा. २०२५ मध्ये त्या ६९ वर्षांच्या असायला हव्यात. विक्रीला आलेल्या बाईंच्या आधार कार्डावर जन्मसाल १९६८ असेल, तर खरेदीच्या वेळी त्या २६ वर्षांच्या होत्या असे होते. जुन्या दस्तांत वय अंदाजे लिहीत, त्यामुळे दोन-चार वर्षांचा फरक सोडून द्यावा. बारा वर्षांचा फरक सोडून देता येत नाही. त्याच पानावरचा १९९४ चा पत्ता दुसरा धागा. तिथल्या जुन्या शेजाऱ्यांना त्या बाई आठवतात का, त्या सध्या कुठे असतात, हे विचारायला एक दुपार पुरते. या दुपारी दलाल बरोबर नसावा.

‘मूळ खरेदीखत हरवले’ ही सबब अशा व्यवहारांत हमखास येते. सोबत पोलिसांत दिलेल्या गहाळ तक्रारीची प्रत असते. ती फक्त तक्रार दिल्याचे सांगते. दस्त खरोखर हरवला की बँकेत कर्जापोटी तारण आहे, हे सांगत नाही. उलट मूळ म्हणून एखादा दस्त पुढे ठेवला गेला, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीदाराने स्वतः नक्कल काढावी आणि दोन्ही पानाला पान लावून पाहावे. संगणकीकृत नोंदणीच्या काळातील दस्ताच्या प्रत्येक पानावर कार्यालयाचे लघुनाम, दस्त क्रमांक, पानाचा क्रमांक, एकूण पाने आणि वर्ष यांचा शिक्का असतो. पान बदलले असेल तर गडबड तिथे दिसते.

बनावट जुना कागद बऱ्याचदा आपल्या काळाबद्दलच चुकतो. ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले. त्याआधीच्या तारखेच्या दस्तात ते छापलेले असेल, तर तो दस्त नंतर बनवला आहे. पिनकोड १९७२ मध्ये आला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, तर सिंधुदुर्ग १९८१ मध्ये. २००८ च्या करारात ‘जि. पालघर’ वाचायला मिळाले, तर पुढचे पान उलटण्याची गरज उरत नाही. मात्र अशी चूक सापडली नाही म्हणून कागद खरा ठरत नाही. कागदाची शेवटची परीक्षा तो जिथून निघाला त्या कार्यालयातच होते.

सातबाऱ्याचेही तसेच. bhulekh.mahabhumi.gov.in वरचा उतारा केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने तो संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. विकणाऱ्याने दिलेला छापील उतारा बाजूला ठेवून हा स्वतः काढावा. शहरात सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते. पण उतारा म्हणजे निकाल. त्यामागची कथा फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असते. उताऱ्यावर दिलेल्या फेरफार क्रमांकाची नक्कल मागवली की ही जमीन खरेदीने आली की वारसाने, हे कळते. वारसाने आली असेल तर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे पाहावीत. बहिणींची नावे वगळून केलेली वारसनोंद पुढे दाव्याचे मूळ होते. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे की फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलापुरती असते. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावर विसार मोजणे म्हणूनच धोक्याचे.

नोंदणी झाली की सारे तपासले गेले, हा समज तर फारच महाग पडतो. दुय्यम निबंधक दस्त लिहून दिल्याची कबुली आणि पक्षकारांची ओळख पाहतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी तो देत नाही. ओळख पटवणारे साक्षीदार विक्रेत्याच्याच बाजूने आलेले असले, तर ती ओळख त्यांच्या शब्दाइतकीच. खोटी ओळख देणे किंवा तोतयेगिरी करणे याला नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण शिक्षा झाली तरी गेलेले पैसे परत येतीलच असे नाही.

कुलमुखत्यार पुढे आला तर आणखी एक अडचण उभी राहते. केवळ मुखत्यारपत्रासाठी असलेले दस्त सर्वसाधारणपणे पुस्तक ४ मध्ये नोंदतात आणि त्याच्या नकला पुस्तक १ प्रमाणे कोणालाही मिळत नाहीत. त्या संबंधित पक्षकारालाच मिळतात. शिवाय मालक वारला की सामान्य मुखत्यारपत्र संपते. म्हणून मुखत्याराशी नव्हे, मूळ मालकाशी बोलावे आणि त्याचा नंबर मुखत्याराकडून न घेता जुना पत्ता, नातेवाईक किंवा सोसायटी यांच्यामार्फत शोधावा.

फ्लॅटच्या बाबतीत हे काम सोपे आहे, कारण सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात सभासदाचे नाव असते आणि सेक्रेटरी सहसा मालकाला ओळखतो. भाग प्रमाणपत्रावरचा क्रमांक संस्थेच्या सभासद नोंदवहीशी जुळवून घ्यावा. नव्या इमारतीसाठी मात्र हा आधार नसतो. डोंबिवली परिसरात बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले; ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश २०२४ मध्ये झाला, आणि त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी त्यांचे पैसे आधीच मोजले होते. नोंदणी क्रमांकाइतकाच परवानगीचा जावक क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घेणे गरजेचे, असे या प्रकरणातून दिसते.

मग विसार. वकिलाकरवी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकतींसाठी चौदा किंवा पंधरा दिवस थांबण्याची पद्धत आहे. ती विसारानंतर नव्हे, आधी पार पाडावी. रक्कम खरेदीखतातील नावाच्या बँक खात्यावरच, धनादेशाने किंवा आरटीजीएसने द्यावी. पुतण्याच्या किंवा दलालाच्या खात्यावर नाही. विसार पावतीत गट नंबर, क्षेत्र, एकूण किंमत, मालकाचे नाव व पत्ता, खरेदीखताची मुदत लिहून मालकाची सही घ्यावी, आणि मालकी सदोष निघाली किंवा हरकत आली तर विसार किती दिवसांत परत करायचा, तेही त्याच पावतीत लिहून घ्यावे.