गाडी नवा फोन का घेत नाही?

सेकंड हँड गाडी घरी येते, पेढे वाटून होतात आणि स्टिरिओला फोन जोडायला घेतला की घोडं अडतं. फोनला गाडीचं नाव दिसतं, पण त्यावर बोट ठेवल्यावर बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी ‘पेअरिंग झालं नाही’ असा निरोप येतो. मग फोन बंद करून चालू करा, अपडेट टाका, असं सुरू होतं. अशा वेळी बिचारा फोन अनेकदा निर्दोष असतो. स्टिरिओच्या यादीत त्याच्यासाठी जागाच उरलेली नसते.

ही यादी तयार होते ती पहिल्या पेअरिंगच्या वेळी. फोनवर आणि स्टिरिओवर सहा आकडी संख्या दिसते, ती सारखी आहे हे पाहून आपण होकार देतो. तेवढ्या वेळात दोन्ही यंत्रं मिळून 128 बिटांची एक गुप्त किल्ली ठरवतात. ती किल्ली, फोनचा ब्लूटूथ पत्ता आणि फोनचं नाव स्टिरिओ एका ओळीत लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली की स्टिरिओ फोनला एक संख्या पाठवतो. फोन आपल्याकडची किल्ली वापरून तिचं उत्तर काढतो, स्टिरिओही काढतो आणि दोन्ही जुळली की संबंध जुळला. म्हणून रोज आकडे तपासावे लागत नाहीत.

या यादीतल्या ओळी मात्र मोजक्या असतात. काही स्टिरिओंत तीन, काहींत पाच, काहींत दहा. एवढी कंजुषी कशासाठी? किल्ली 16 बाइटची, पत्ता 6 बाइटचा आणि नाव जास्तीत जास्त 248 बाइटचं, म्हणजे एका ओळीला तीनशे बाइटसुद्धा लागत नाहीत. एका गाण्याच्या फाइलमध्ये अशा हजारो ओळी मावतील. जागा खातं ते फोनबुक. अनेक स्टिरिओ प्रत्येक फोनमधले नाव-नंबर उतरवून घेतात आणि ते हजाराच्या घरात जाऊ शकतात.

त्याहून मोठी अडचण वेळेची. गाडी सुरू झाल्यावर कुठला फोन आत आहे हे स्टिरिओला ठाऊक नसतं, म्हणून तो यादीतल्या एकेकाला हाक मारत जातो. ब्लूटूथच्या नियमावलीत एका हाकेला थांबण्याची मूळ मुदत 5.12 सेकंदांची आहे. त्या हिशेबाने दहा फोन असतील आणि आपला शेवटचा असेल, तर पाऊण मिनिटाहून जास्त वेळ गेला. यादी शंभराची केली तर गाणं लागेपर्यंत सिग्नल सुटून जाईल.

यादी भरल्यावर काय करायचं, हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. कानातले इअरबड बहुधा सर्वांत जुनी ओळ गुपचूप पुसून नव्याला घेतात. गाड्यांचे बरेच स्टिरिओ तसं न करता नव्यालाच नकार देतात, कारण एखाद्या पाहुण्याच्या फोनसाठी मालकाचा फोन पुसला जाऊ नये. विचार योग्यच आहे. पण नकाराचं कारण मोठ्या अक्षरांत सांगायला काय हरकत होती? कुठे पडद्यावर DEVICE FULL क्षणभर चमकून जातं, कुठे तेही नाही.

समजा, आपल्या गाडीत पाच ओळी आहेत. पूर्वीच्या मालकाचा जुना फोन, त्याचाच नवा फोन, बायकोचा, मुलाचा आणि ड्रायव्हरचा, झाले पाच. नवा फोन घेताना त्याने सगळा डेटा जुन्यावरून उतरवला असेल, नावही तेच ठेवलं असेल. पण ब्लूटूथ पत्ता त्या-त्या फोनच्या चिपचा असतो, म्हणून गाडीच्या लेखी ते दोन वेगळे फोन. जुना फोन भंगारात गेला तरी त्याची ओळ राहते. आपला सहावा.

इथे बहुतेक जण फोनमध्ये जाऊन Forget दाबतात. त्याने फोनकडची किल्ली पुसली जाते, गाडीतली ओळ तशीच राहते. बॅटरीची तार काढूनही उपयोग होत नाही, कारण ही यादी वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते. दुखणं नेमकं हेच आहे का, हे ओळखायला दुसरा एखादा कधीच न जोडलेला फोन जोडून पाहा. जुने फोन लगेच जोडले जातात आणि कुठलाच नवा जोडला जात नाही, तर यादी भरली आहे असं समजा. फक्त एकच, पूर्वी चालणारा फोन अडत असेल, तर किल्ली बहुधा एका बाजूची पुसली गेली आहे. मग दोन्हीकडून नाव काढून नव्याने पेअर करा.

यादी भरलेली असेल तर गाडी थांबवून (काही गाड्यांत चालताना हा मेनू उघडतच नाही) स्टिरिओच्या ब्लूटूथ मेनूतली यादी काढा आणि नको असलेलं एक नाव पुसा. सगळं रीसेट करण्याची गरज नाही. त्यात रेडिओची लावून ठेवलेली स्टेशनंही जातात. रीसेट राखून ठेवावं ते गाडी विकताना. तेव्हा मात्र ते न चुकता करा, कारण आपलं फोनबुक त्या स्टिरिओत उतरलेलं असू शकतं.