दोन वर्षांची एक्सपायरी काही महिन्यांत कशी कळते?

अ‍ॅस्पिरिनची जुनी बाटली उघडली की कधी कधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. गोळीवर किंवा बाटलीच्या आतल्या बाजूला केसासारखे बारीक पांढरे स्फटिकही दिसतात. हवेतल्या बाष्पाने अ‍ॅस्पिरिनचा रेणू फोडलेला असतो. त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल निघतं, त्याचा हा वास, आणि मागे उरतं सॅलिसिलिक आम्ल, त्याचे हे स्फटिक. खोलीच्या तापमानाला हे फार सावकाश घडतं. नव्या गोळीची एक्सपायरी ठरवण्यासाठी प्रत्येक वेळी दोन-तीन वर्षं थांबायचं, तर औषध बाजारात यायलाच तेवढा उशीर होईल. म्हणून गोळी मुद्दाम तापवतात.

यामागचं गणित स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलं. तापमान वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग सरळ प्रमाणात वाढत नाही, पटीने वाढतो. रेणू तुटायला काही किमान ऊर्जा लागते, आणि ती ओलांडणाऱ्या रेणूंची संख्या उष्णतेबरोबर झपाट्याने वाढते. त्यांचं सूत्र असं:

k = A·e^(−Ea/RT)

यात k हा क्रियेचा वेग, T हे केल्विनमधलं तापमान आणि Ea ही ती किमान ऊर्जा. व्यवहारातली सोय अशी की वेगाचा लॉगरिदम आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढला की सरळ रेष मिळते. ती रेष कमी तापमानाकडे वाढवली की तिथला वेग वाचता येतो.

एक नमुना हिशेब करू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. सॅलिसिलिक आम्लाची ठरलेली मर्यादा गाठायला गोळ्यांना ७० अंशांना ८ दिवस, ६० ला २३ आणि ५० ला ७० दिवस लागले. या तीन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेवरून Ea सुमारे १०० किलोज्यूल प्रतिमोल निघते. रेष पुढे नेली, तर ४० अंशांना साधारण २३० दिवस आणि ३० अंशांना साधारण ८१६ दिवस, म्हणजे जवळपास २७ महिने येतात. मग एक्सपायरी २४ महिन्यांची धरता येईल.

पण या २७ महिन्यांवर लगेच विसंबू नये. Ea १०० ऐवजी ९० निघाली, तर ५० अंशांच्या त्याच निकालावरून उत्तर २१ महिने येतं. ११० निघाली, तर ३४. मोजणीत थोडी चूक झाली की ती रेष लांबवताना अशी फुगते. अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत ही चूक सहज होते, कारण तपासणीसाठी गोळी विरघळवून ते द्रावण पडून राहिलं, तर औषध त्या द्रावणातही तुटत राहतं. मग गोळी आहे त्यापेक्षा खराब दिसते.

दुसरा धोका आर्द्रतेचा, आणि माझ्या मते तो तापमानापेक्षा जास्त फसवा आहे. साध्या ओव्हनमध्ये ७० अंशांना उघडी ठेवलेली गोळी सुकते. पाणीच उरलं नाही, तर अ‍ॅस्पिरिन कशाने तुटणार? निकाल खोटा चांगला येतो. म्हणून प्रत्येक तापमानाला आर्द्रता सारखी ठेवावी लागते. छोट्या प्रयोगात बंद भांड्याच्या तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवतात. त्यावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. शिवाय फार तापवलं, तर गोळीतला एखादा घटक वितळतो आणि एरवी कधीच न घडणारी क्रिया सुरू होते. हे ओळखण्याची खूण आलेखातच सापडते. बिंदू एका रेषेत न बसता वाकतात, किंवा तपासणीत एखादा नवाच पदार्थ दिसतो. असा बिंदू हिशेबात धरायचा नाही.

त्यामुळे औषध नियंत्रक केवळ या रेषेवर मंजुरी देत नाहीत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोळ्या विक्रीच्याच पॅकिंगमध्ये ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने ठेवतात. औषधाचं प्रमाण सुरुवातीपेक्षा ५ टक्क्यांनी बदललं, तर तो लक्षणीय बदल धरला जातो. सोबत नेहमीच्या साठवणुकीची चाचणीही चालूच असते. भारतासाठी ती ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला होते, कारण आपली हवा युरोपपेक्षा उष्ण आणि दमट आहे. आधी मिळालेली मुदत याच आकड्यांनी पुढे पक्की होते किंवा कमी केली जाते.

वरच्या नमुन्यातल्या गोळीचा ५० अंशांतला एक दिवस ३० अंशांतल्या जवळजवळ बारा दिवसांएवढा भरतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत एवढी उष्णता सहज होते. तेव्हा औषधं गाडीत ठेवू नका, आणि गोळ्या स्ट्रिपमधून आधीच काढून डबीत भरू नका. छापलेली तारीख बंद पॅकिंगसाठी आणि लेबलवर सांगितलेल्या तापमानासाठीच असते.